पीक दरवर्षी घटतंय, आणि मातीच्या रिपोर्टमध्ये तर सगळं ठीक दिसतंय

"ताई, वडिलांची शेती आता मी बघतो. काळी भारी जमीन आहे, बोअरचं पाणी आहे. सात-आठ वर्षांपासून गव्हाचा उतारा दरवर्षी थोडा थोडा कमी होतोय. खत वाढवलं, बियाणं बदललं, माती तपासून आणली तर रिपोर्टमध्ये फार वाईट काही नाही. बाबा म्हणतात जमीन थकली. कोणी म्हणतं जिप्सम टाक, कोणी म्हणतं शेणखत वाढव. आधी नेमकं काय करू?"

दादा, जिप्समची पोती आणायच्या आधी शेतात एक चक्कर मारा आणि असा एखादा तुकडा शोधा जिथं पीक अजूनही पूर्वीसारखंच येतंय. बांधाकडेचा असेल, कोपऱ्यातला असेल, अगदी दोन-चार गुंठ्यांचा असला तरी चालेल. तो का वाचला हे कळलं की बाकीचं का बिघडलं हे निम्मं कळतं. मला हे एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शिकवलं, मी नुकतीच मृदाशास्त्र शिकून बाहेर पडले होते तेव्हा, आणि ती गोष्ट तुम्हाला सगळी सांगते कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

त्यांना सगळे आबा म्हणायचे. सत्तरीच्या पुढचे होते, चार एकर काळी जमीन, आणि एक जाडजूड वही जिच्यात तीसेक वर्षांचं सगळं लिहिलेलं, पेरणी कधी, पाणी किती पाळ्या, पोती किती निघाली. गव्हाचा एकरी उतारा सोळा क्विंटलवरून नऊवर आला होता. हरभरा तर त्यांनी लावायचाच सोडला होता, उगवून यायचा आणि महिनाभरात पिवळा पडून बसायचा. मी माती घेतली, जशी पुस्तकात सांगतात तशी, शेतभर नागमोडी फिरून बारा-पंधरा ठिकाणची, घमेल्यात एकत्र करून अर्धा किलो पिशवीत भरली आणि प्रयोगशाळेत दिली. रिपोर्ट आला: पीएच ८.४, ईसी ०.६, स्फुरद ठीक, पालाश भरपूर, सेंद्रिय कर्ब कमी, जस्त कमी. ईसी म्हणजे मातीत विरघळलेले क्षार किती ते, आणि ०.६ म्हणजे काहीच नाही, म्हणून क्षाराचा विषय मी तिथंच मिटवला. जस्त कमी आहे ना, मग झिंक सल्फेट एकरी दहा किलो टाका आणि शेणखत वाढवा, असं सांगून मोकळी झाले.

आबांनी सगळं केलं. पुढच्या हंगामात उतारा साडेनऊ.

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण म्हातारा माणूस माझ्या शब्दावर खर्च करून बसला होता. पण ते चिडले नाहीत, म्हणाले, "चला पोरी, जरा वर जाऊ." शेताच्या वरच्या अंगाला चढावर दहाएक गुंठ्यांचा कोपरा होता, तिथं पाणी चढायचं नाही म्हणून तो कायम पावसावरच. तिथला गहू उंचीला कमी होता पण एकसारखा, दाट, पानं हिरवी. खाली मधल्या वावरात गहू तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये टकलं पडलेली. "इथं मी खत पण टाकत नाही नीट," आबा म्हणाले, "आणि इथलं वीस वर्षांपूर्वी जेवढं यायचं तेवढंच येतं."

आता इथं घाई केली असती तर मी परत चुकले असते. चढावरची जमीन आहे, पाण्याचा निचरा आपोआप होतो, म्हणून ती चांगली राहिली असेल, असं कोणीही म्हणेल आणि ते म्हणणं चूक नाही. म्हणून मी विचारलं की खोलगट भागात, सखल जागी चांगला राहिलेला तुकडा आहे का कुठं. आबांनी थोडा विचार केला आणि मला जुन्या विहिरीकडे घेऊन गेले. विहीर आटत आली होती, पण तिच्या पाण्यावर शेजारची एक अरुंद पट्टी भिजायची, शेतातली सगळ्यात सखल जागा, आणि तिथं पीक छान उभं. म्हणजे चढावरचा कोपरा चांगला, सखल पट्टी पण चांगली, आणि मधलं सगळं बिघडलेलं. उतार हे कारण नाही. बियाणं एकच, नांगरट एकच, ट्रॅक्टर एकच. या दोन चांगल्या तुकड्यांत सारखं असं एकच होतं, की दोघांना बोअरचं पाणी कधी लागलं नव्हतं.

वही उघडली. बोअर घेतलं त्याला नऊ वर्षं झालेली. पण गंमत बघा, बोअरनंतरची पहिली दोन वर्षं उतारा वाढला होता, सोळाचा अठरा झाला होता, कारण पाण्याच्या पाळ्या वेळेवर मिळायला लागल्या. तिसऱ्या वर्षी पंधरा, मग चौदा, मग तेरा, असं उतरत गेलं. म्हणूनच बोअरवर कोणाचाच संशय गेला नाही, ज्या पाण्यानं पीक वाढवलं त्याच पाण्यानं जमीन बिघडते हे मनालाच पटत नाही.

आबांच्या घरी आल्यावर तिथल्या आजी एक वाक्य सहज बोलून गेल्या. मी हात धूत होते आणि साबण काही केल्या निघेना, बुळबुळीतच लागत राहिला. त्या म्हणाल्या, "बोअरच्या पाण्याला फेस भारी येतो बघ, विहिरीच्या पाण्याला येत नव्हता. आणि विहिरीच्या पाण्यानं भांड्यांना पांढरा थर बसायचा, याच्यानं नाही बसत." मी ओले हात घेऊन तशीच उभी राहिले. भांड्याला पांढरा थर बसतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. पाणी मऊ, फेस भरपूर, थर नाही, म्हणजे त्या पाण्यात कॅल्शियम कमी, आणि त्याच्या जागी सोडियम जास्त आहे. अंगाला, कपड्याला असं पाणी छान वाटतं, मातीला मात्र ते नको असतं.

असं का ते नीट सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं सगळं मंत्रासारखं होईल. काळ्या मातीचा बारीक कण म्हणजे अगदी पातळ पापुद्रे, एकावर एक रचलेले, आणि त्यांच्या अंगावर ऋण भार असतो. कॅल्शियमवर दोन धन भार असतात, तो दोन पापुद्र्यांना जवळ धरून ठेवतो, म्हणून माती रवाळ राहते, मध्ये हवा-पाण्याला वाट राहते. सोडियमवर एकच भार आणि तो कणाला सैलच धरतो, त्यामुळे तो मध्ये शिरला की पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, माती पाण्यात पिठासारखी पसरते आणि भोकं बुजवून टाकते. अशी जमीन ओली असताना चिकट राडा, वाळली की दगड, वाफसा धड येतच नाही, आला तर दोन दिवसांत निघून जातो. आपल्याकडे हिला चोपण म्हणतात. खारवट वेगळी आणि चोपण वेगळी. खारवट जमिनीत ईसी वाढलेला दिसतो, चोपण जमिनीत ईसी अगदी कमी असू शकतो, आणि मी नेमकी तिथंच फसले होते.

आणि अशा मऊ बोअरच्या पाण्यात नुसता सोडियम नसतो, बरोबर बायकार्बोनेट असतं, खरा घात ते करतं. पाणी जमिनीत गेलं, पिकानं ओढलं, उन्हानं सुकलं की हे बायकार्बोनेट मातीतल्या कॅल्शियमला धरतं आणि चुना बनवून खाली बसवतं. म्हणजे मातीजवळचा चांगला कॅल्शियम चुनखडी होऊन अडकला, आणि कणांवरच्या मोकळ्या जागा सोडियमनं भरल्या. एका पाळीत काही दिसत नाही. पण पाच-सहा पाळ्या गुणिले नऊ वर्षं करून बघा.

मग मी दुसऱ्या दिवशी एकदम साधी चाचणी केली, जी तुम्ही आजच करू शकता. ही ऑस्ट्रेलियातल्या इमर्सन नावाच्या मृदाशास्त्रज्ञानं १९६७ मध्ये मांडलेली, जगभर वापरतात. मधल्या वावरातलं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ घ्यायचं, काचेच्या ग्लासात पावसाचं साठवलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, ढेकूळ अलगद तळाला सोडायचं आणि ग्लासाला अजिबात हात लावायचा नाही. दोन तासांनी बघायचं, मग दुसऱ्या दिवशी परत. आम्ही तीन ग्लास मांडले, चढावरच्या कोपऱ्यातली माती, विहिरीजवळची, आणि मधल्या वावरातली. पहिल्या दोन ग्लासांत ढेकूळ फुटून छोटासा ढीग झाला पण पाणी स्वच्छ, पलीकडचं बोट दिसत होतं. तिसऱ्यात ढेकळाच्या भोवती दुधासारखं वलय तयार झालं, आधी कडेला पातळ, मग तळभर पसरलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळा ग्लास चहाच्या रंगाचा गढूळ, तो निवळेचना.

इथं दोन चुका लोक करतात. एक, ढेकूळ नुसतं फुटलं की घाबरतात. ढेकूळ कोसळणं म्हणजे सेंद्रिय पदार्थ कमी असू शकतो, तो वेगळा विषय, आपल्याला बघायचंय पाणी गढूळ होतं का. दुसरी चूक आबांनीच केली, मी जायच्या आधी त्यांनी तोच प्रयोग बोअरच्या पाण्यात करून पाहिला होता आणि पाणी बरंचसं निवळ राहिलं म्हणून ते निर्धास्त झाले होते. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, आणि पाण्यात क्षार असले की माती तात्पुरती एकत्र राहते. शुद्ध पाणी पडलं की सुटते. हे ऐकल्यावर आबा एकदम म्हणाले, "म्हणूनच! बोअरचं पाणी दिलं तर मुरतं कसंबसं, पण पाऊस पडला की साचून राहतं, वर पापडी धरते, कोंबच फुटत नाही वर." इतकी वर्षं त्यांना वाटायचं की पाऊसच आता वेगळा पडतो. तुमच्या शेतात पण पावसानंतर साचलेलं पाणी बघा, दोन दिवसांनीही ते गढूळच असेल आणि जमिनीवर गुळगुळीत पापडी धरत असेल, तर तो मोठा इशारा आहे.

मग परत माती काढली, आणि या वेळी एकत्र केली नाही. माझ्या पहिल्या नमुन्यात चांगल्या तुकड्यांची माती वाईटात मिसळून सरासरी निघाली होती, पीएच ८.४ हा त्या सरासरीचाच आकडा. आता पाण्याच्या तोंडाजवळची वेगळी, मधली वेगळी, शेवटची वेगळी, चढावरची वेगळी, विहिरीजवळची वेगळी, प्रत्येक ठिकाणी वरचे १५ सेंटिमीटर एक पिशवी आणि १५ ते ३० दुसरी. प्रयोगशाळेला सांगितलं की नेहमीचं एनपीके नको, विनिमय सोडियम आणि मातीची धनायन विनिमय क्षमता, म्हणजे कणांवर कॅल्शियम-सोडियमसारख्यांना धरायच्या एकूण जागा किती ते, काढून द्या. त्यातून ईएसपी निघतो, म्हणजे कणांवरच्या शंभर जागांपैकी किती सोडियमनं धरल्यात ते. चढावर ४, विहिरीजवळ ५, मधल्या वावरात १७, आणि बोअरच्या तोंडाशी २१. पीएच चढावर ८.१, तोंडाशी ८.९.

ईएसपी १५ च्या वर गेला की चोपण, ही रेषा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेच्या १९५४ सालच्या मार्गदर्शिकेतली, आणि पुष्कळ रिपोर्टवर आजही तीच असते. पण काळ्या, फुगणाऱ्या भारी मातीला १५ पर्यंत वाट बघू नका, तिचा निचरा ६ ते १० च्या दरम्यानच बिघडायला लागतो, ऑस्ट्रेलियात तर ६ लाच सोडियमयुक्त धरतात. त्यामुळे तुमच्या रिपोर्टवर ईएसपी ९ असेल आणि पुढे 'सामान्य' असा शेरा असेल तर शेऱ्यावर जाऊ नका. आणि पीएच ८.२ बघून पण घाबरायचं नाही, चुनखडीच्या जमिनीत तेवढा असतोच. ८.५ च्या पुढे गेला की सोडियमचा संशय घ्यायचा.

पाण्याचा रिपोर्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून तो आकडे टाकून दाखवते. त्यात एकच हिशोब करायचा:

RSC = (CO3 + HCO3) − (Ca + Mg)

सगळे आकडे मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये हवेत, प्रयोगशाळेनं मिलिग्रॅममध्ये दिले असतील तर त्यांनाच बदलून मागा. याला आरएससी म्हणतात, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला संपवून वर किती बायकार्बोनेट उरतं ते. सव्वाच्या आत पाणी चांगलं, सव्वा ते अडीच जपून, अडीचच्या वर जमिनीला घातक. आबांच्या बोअरमध्ये कार्बोनेट-बायकार्बोनेट मिळून ८, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ३, म्हणजे आरएससी ५. विहिरीत ५ वजा ७, म्हणजे शून्याच्याही खाली, उरतच नाही काही. आणि बोअरच्या पाण्याचा ईसी होता १.३, जो बघून कोणीही म्हणालं असतं की पाणी बरं आहे. चवीलाही ते गोडंच लागायचं.

आणि जस्ताचं काय? जस्त कमी होतं हे खरंच होतं, रिपोर्ट खोटा नव्हता. पण पीएच वाढला की मातीतलं जस्त पिकाला मिळेनासं होतं. म्हणजे जस्ताची कमतरता ही त्याच बिघाडाची पोर होती आणि मी तिलाच आई समजून बसले होते. तुमच्या रिपोर्टवर पण जस्त, लोह कमी दिसत असेल तर लगेच ते टाकायच्या आधी बघा की पीएचनंच ते अडवलंय का.

आता उपाय, आणि यात क्रम चुकला की पैसे वाया. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला ढकलून बाहेर काढतो, आणि तो सुटलेला सोडियम सल्फेटबरोबर पाण्यात विरघळतो. पण तो पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून गेला नाही तर तिथंच राहतो, परत येऊन बसतो. म्हणून आबांच्या शेतात सगळ्यात आधी खालच्या बांधाला बुजलेला चर मोकळा केला, जिप्सम नंतर आणलं. निचऱ्याला वाट नसेल तर जिप्सम टाकून काही होत नाही, हे मी दोन-तीन ठिकाणी नंतर पाहिलंय, ढीगभर जिप्सम आणि उतारा तिथल्या तिथं.

किती टाकायचं याचा हिशोब असा. मधल्या वावराचा ईएसपी १७ वरून ७ वर आणायचा होता, मातीची विनिमय क्षमता १०० ग्रॅमला ४८ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे त्यातला दहा टक्के, ४.८ इतका सोडियम काढायचा. वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये १ काढायला हेक्टरी साधारण १.७ टन शुद्ध जिप्सम लागतं, म्हणजे हेक्टरी ८ टनांच्या थोडं वर, एकरी सव्वातीन टन. आम्ही एकदम नाही टाकलं, अर्धं पहिल्या वर्षी, अर्धं दुसऱ्या. पावसाच्या आधी पसरलं, वरच्या दहा सेंटिमीटरमध्येच मिसळलं, खोल नांगरून गाडलं नाही, कारण वरची पापडी आधी सुटायला हवी. मग सारे बांधून पावसाचं पाणी अडवलं, मुरवलं, चरातून जाऊ दिलं. जिप्सम घेताना ते बारीक दळलेलं हवं आणि शुद्धता किती ते विचारा, ८० टक्के असेल तर तेवढं जास्त लागेल. हे आकडे त्यांच्या मातीचे आहेत, तुमचे तुमच्या रिपोर्टवरून काढायचे.

पण जमीन सुधारली आणि पाणी तेच राहिलं तर चार वर्षांत परत तिथंच. म्हणून पाण्याचीही सोय करायला लागते. आबांच्या पाण्याच्या आरएससीतले ३ कमी करायचे होते, ५ चे २ करायचे. ६ सेंटिमीटरच्या एका पाळीला एकरी साधारण २ लाख ४३ हजार लिटर पाणी लागतं, आणि लिटरला १ कमी करायला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम, म्हणजे एका पाळीला एकरी जवळजवळ ६३ किलो. त्यांनी बोअरच्या तोंडाशी विटांचा हौद बांधला, त्यात जिप्समचे खडे भरले, पाणी खालून शिरून खड्यांमधून वर येऊन पाटात पडायचं. दर काही दिवसांनी हौदातले खडे झिजून कमी व्हायचे आणि आबा नवीन टाकायचे, किती टाकले ते वहीत. शिवाय विहिरीचं जे थोडं पाणी होतं ते उगवणीच्या वेळेला राखून ठेवलं, कारण कोंब असतानाच पीक सगळ्यात नाजूक असतं, आणि पुढच्या पाळ्या बोअरच्या. हरभरा तीन वर्षं लावला नाही, तो सोडियमला फार हळवा. पहिल्या पावसाळ्यात ताग-धैंचा पेरायचं ठरलं, पण त्यातला तागही चोपण जमिनीत तेवढा टिकत नाही म्हणून धैंचाच घेतला आणि फुलोऱ्यात गाडला, त्याच्या मुळांनी खाली वाटा केल्या.

पहिल्या वर्षी गहू साडेदहा. आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या वर्षी बारा, ईएसपी ११ वर. तिसऱ्या वर्षी चौदा. सोळावर मात्र तो मी बघितला तोपर्यंत आला नाही, आणि तुम्हालाही मी तसं आश्वासन देणार नाही. भारी काळी माती बिघडायला जितकी वर्षं लागली त्याच्या आसपास सुधारायला लागतात, आणि ३० सेंटिमीटरच्या खालचा थर जिप्समला सहजासहजी सापडत नाही.

आता तुमचं. या आठवड्यात तुमच्या शेताचा हातानं नकाशा काढा, कुठं चांगलं, कुठं वाईट, बोअरचं पाणी कुठून कुठपर्यंत जातं. बाबांना बरोबर घ्या, त्यांना विचारा की उतारा नेमका कुठल्या वर्षापासून पडायला लागला आणि त्याच्या दोन-चार वर्षं आधी शेतात नवीन काय आलं, कारण कारण आणि परिणाम यांच्यात इतकं अंतर असू शकतं. "जमीन थकली" असं ते म्हणतात ना, त्यांना विचारा कुठली थकली, सगळी का एखादा भाग. मग चांगल्या आणि वाईट ठिकाणची ढेकळं दोन ग्लासांत सोडा.

दोन्ही ग्लासांत पाणी निवळ राहिलं तर सोडियमची शक्यता फार कमी, जिप्सम आणू नका, ते वाया जाईल. तेव्हा एक जाड सळई घ्या, वाफसा असताना जमिनीत दाबा, वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एकदम अडली आणि खाली परत सैल गेली तर नांगराच्या फाळाखाली घट्ट थर बसलाय, तिथं खड्डा करून मुळं बघा, ती आडवी वळलेली दिसतील. तो वेगळा आजार, त्याचं पत्र वेगळं पाठवा.

एक ग्लास गढूळ झाला तर पाणी तपासायला द्या. मोटर अर्धा तास चालू ठेवून मगच भरा, पाईपमध्ये उभं राहिलेलं पाणी नको. स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका आणि त्याच दिवशी पोचवा, कारण ठेवून दिलं की बायकार्बोनेटचा आकडा बदलतो. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, बायकार्बोनेट हे पाचही लिहून मागा, नुसता पीएच-ईसी दिला तर परत पाठवा. मातीच्या पिशव्या वेगवेगळ्या, प्रत्येकीवर जागा आणि खोली लिहून. रिपोर्ट हातात आले की आरएससीचा हिशोब करा आणि दोन्ही रिपोर्ट मला पाठवा, बरोबर नकाशा पण, मग जिप्सम एकरी किती आणि कुठल्या भागात आधी ते आपण बसून काढू.